उलटीनंतरची स्वच्छता: विषाणूला आवरण आहे की नाही, यावरून जंतुनाशक कसे निवडावे

वसतिगृह, पाळणाघर, खानावळ किंवा वृद्धाश्रम यांची व्यवस्था ज्यांनी नव्याने हाती घेतली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः एका वसतिगृहाची व्यवस्था पाहते. कोविडच्या काळात दाराशी ठेवलेली सॅनिटायझरची बाटली आता सगळीकडे कायमची झाली आहे आणि त्या विषाणूपुरती ती योग्यही होती. परंतु जुलाब-उलट्यांची साथ आली की तीच बाटली पुढे केली जाते, फरशीवर फिनाईल फिरवले जाते आणि तरीही दोन दिवसांत आणखी मुले आजारी पडतात. याचे कारण बहुतेक वेळा स्वच्छता करणाऱ्यांचा आळस हे नसते, तर समोरचा विषाणू वेगळ्या बांधणीचा असतो हे असते. ही बांधणी समजून घेतली की कोणते द्रव्य, किती तीव्रतेचे आणि किती वेळ वापरायचे हे ठरवणे सोपे जाते.

येथे मी जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथीचे उदाहरण घेतले आहे. दाटीने राहणाऱ्या लोकांमध्ये तो झपाट्याने पसरतो. आपल्याकडे २०२१ साली केरळमधील वायनाड जिल्ह्यात पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांमध्ये त्याची लागण आढळली होती. त्याला आवर घालणारी पद्धत आवरण नसलेल्या इतर बहुतेक विषाणूंनाही लागू पडते.

१. विषाणू कोणत्या गटातला आहे ते आधी ठरवा

प्रत्येक विषाणूच्या मध्यभागी त्याचे जनुकीय द्रव्य असते आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच असते. काही विषाणू पेशीतून बाहेर पडताना पेशीच्याच पटलाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून घेतात. हे पटल मेदाचे असते आणि पुढच्या पेशीला चिकटण्यासाठी लागणारे काटे त्यातच रोवलेले असतात. इन्फ्लुएन्झा, कोविड, गोवर, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे असे आवरण असलेले विषाणू आहेत. आवरण फाटले की काटेही जातात आणि विषाणू संसर्ग करू शकत नाही. म्हणजे ज्याला आपण जास्तीचे संरक्षण समजतो, तेच या विषाणूंचे दुबळे अंग आहे.

दुसऱ्या गटाला हे मेदाचे आवरणच नसते. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, पोलिओ, हिपॅटायटिस ए, लहान मुलांच्या हातापायांवर आणि तोंडात फोड आणणारे एन्टेरोव्हायरस, तसेच डोळे येण्यास कारण होणारे अडेनोव्हायरस हे या गटातले आहेत. यांच्या बाहेरच्या बाजूला घट्ट बांधणीचे प्रथिनांचे कवच असते. यांतले बरेचसे पोटातील आम्लातून जिवंत पार व्हावेत अशाच घडणीचे असतात. जे कवच जठरातील आम्लाला दाद देत नाही, ते सौम्य जंतुनाशकाला सहजासहजी दाद देणार नाही, हे ओघानेच आले.

रुग्णाला कोणता विषाणू झाला आहे हे त्याच रात्री कळत नाही, त्यामुळे लक्षणांवरून तात्पुरता निर्णय घ्यावा लागतो. मुख्य तक्रार उलट्या किंवा जुलाबांची असेल, तर विषाणू आवरण नसलेला आहे असे धरून चालावे. मुख्य तक्रार ताप, खोकला आणि सर्दीची असेल, तर बहुधा तो आवरण असलेला असतो. मात्र साध्या सर्दीला कारण होणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसला आवरण नसते हे लक्षात असू द्यावे. शंका असेल तेव्हा नेहमी कठीण गट गृहीत धरावा, कारण आवरण नसलेल्या विषाणूला मारणारे द्रावण आवरण असलेल्यालाही मारते, पण याच्या उलट घडेलच असे नाही.

२. पृष्ठभागावर तो किती काळ टिकतो याचा अंदाज घ्या

आवरण असलेला विषाणू शरीराबाहेर पडल्यावर सुकू लागतो आणि त्याचे मेदाचे पटल विस्कटते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू स्टील आणि प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर साधारण २४ ते ४८ तास, तर कापड आणि कागदावर ८ ते १२ तास जिवंत आढळला आहे. कोविडचा विषाणू २०२० सालच्या प्रयोगांत प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडला. हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. शिवाय या सगळ्या काळात विषाणूंची संख्या सतत घटत असते.

नोरोव्हायरसचे तसे नाही. तो टेबलावर, नळाच्या तोटीवर किंवा सतरंजीत दिवसेंदिवस, अनुकूल परिस्थितीत काही आठवडेही टिकू शकतो. त्यातच त्याची लागण होण्यासाठी शंभराहूनही कमी कण पुरे असतात. त्यामुळे "खोली दोन दिवस बंद ठेवली, आता काही भीती नाही" हा हिशेब फ्लूच्या बाबतीत बऱ्याच अंशी बरोबर ठरतो, पण नोरोव्हायरसच्या बाबतीत तो साफ चुकतो.

या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांतला एक जपून लक्षात ठेवण्यासारखा आहे. हिपॅटायटिस बीच्या विषाणूला आवरण असूनही तो वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. म्हणून रक्ताचा डाग जुना आणि वाळलेला असला तरी तो ताज्या डागासारखाच हाताळावा.

३. साबण, अल्कोहोल आणि क्लोरीन नेमके काय करतात ते समजून घ्या

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे मेदाकडे ओढले जाते. मेदाकडचे टोक आवरणात घुसते आणि पटल मोडून टाकते. म्हणून साधा अंगाचा साबण कोविड किंवा फ्लूच्या विषाणूला खरोखरच नष्ट करतो. नोरोव्हायरसला आवरण नसल्यामुळे साबण त्याला मारत नाही. तरीही हात धुण्याचा सल्ला तोच राहतो, कारण साबण आणि चोळणे यांमुळे विषाणू त्वचेवरून सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो. यातून व्यवहारातला एक महत्त्वाचा फरक निघतो. येथे काम साबण एकटा करत नाही, तर चोळणे आणि वाहते पाणी करते. बादलीत साबणाचे पाणी करून सगळ्यांनी त्यातच हात बुचकळले, तर विषाणू एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर जातो. हात नळाखाली किंवा कोणीतरी तांब्याने पाणी ओतत असताना, निदान वीस सेकंद, नखांच्या टोकांसह आणि अंगठ्याभोवती चोळून धुवावेत.

अल्कोहोल मेद विरघळवते आणि प्रथिनांची घडी मोडते. प्रथिनांची घडी मोडण्यासाठी थोडे पाणी लागते, म्हणून ६० ते ८० टक्के अल्कोहोल हे जवळजवळ शुद्ध अल्कोहोलपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. आवरण असलेल्या विषाणूंवर ते काही सेकंदांत काम करते. नोरोव्हायरसवर मात्र त्याचा परिणाम अपुरा आणि अनिश्चित असतो. त्यातही आयसोप्रोपिल अल्कोहोलचे रेणू मेदाकडे अधिक ओढले जाणारे असल्याने आवरण नसलेल्या लहान विषाणूंवर ते इथेनॉलपेक्षा कमी पडते. म्हणून बाटलीवर केवळ टक्केवारी न पाहता कोणते अल्कोहोल आहे हेही पाहावे. रोटाव्हायरस हा येथे अपवाद आहे: त्याला आवरण नाही, तरी अल्कोहोल त्याच्यावर बऱ्यापैकी चालते. परंतु उलटी पाहून रोटाव्हायरस की नोरोव्हायरस हे ओळखता येत नाही, त्यामुळे या अपवादावर विसंबू नये.

क्लोरीनचे द्रावण वेगळ्या मार्गाने काम करते. ते प्रथिनांवर आणि आत शिरून जनुकीय द्रव्यावर रासायनिक घाव घालते, त्यामुळे आवरण असण्या-नसण्याने त्याला फार फरक पडत नाही. त्याची अडचण अशी की ते समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर खर्च होते. उलटी, विष्ठा, अन्नाचे कण, फरशीवरची धूळ यांच्याशी झुंजण्यातच क्लोरीन संपून जाते आणि विषाणूंसाठी काही उरत नाही. या लेखातील पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती रचलेला आहे.

४. बाटलीवरचे लेबल नीट वाचा

"९९.९ टक्के जंतू मारते" या वाक्याने बहुतेक जण निश्चिंत होतात, म्हणून त्याचा हिशेब करून पाहू. नोरोव्हायरसच्या रुग्णाच्या एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी कण असू शकतात. आपण शंभर कोटीच धरू. त्यांतले ९९.९ टक्के मेले, तरी दहा लाख उरतात आणि लागणीला शंभरसुद्धा लागत नाहीत. शिवाय ही टक्केवारी कोणत्या जंतूवर तपासली, हे लेबलवर बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. तेथे केवळ जिवाणूंची नावे असतील किंवा इन्फ्लुएन्झा आणि कोरोनाव्हायरस एवढीच नावे असतील, तर ते द्रव्य आवरण नसलेल्या विषाणूंसाठी सिद्ध झालेले नाही असे समजावे. नोरोव्हायरस, पोलिओव्हायरस किंवा अडेनोव्हायरस यांचा स्पष्ट उल्लेख असेल, तरच ते कामाचे. त्यासोबत "किती मिनिटे ओले ठेवावे" हेही पाहावे.

पांढऱ्या फिनाईलचा वास ताजा वाटतो, पण वास हा विषाणू मेल्याचा पुरावा नाही. पाइन तेलाचे हे द्रव्य नोरोव्हायरसवर भरवशाचे नाही. बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेले फरशीचे द्रव आवरण असलेल्या विषाणूंसाठी उत्तम असतात, पण लहान, आवरण नसलेल्या विषाणूंवर बरेचदा कमी पडतात.

५. साहित्य आधीच एका बादलीत भरून ठेवा

साथ आल्यावर रात्री दुकान उघडे नसते. म्हणून पुढील वस्तू एका झाकणाच्या बादलीत कायम तयार असाव्यात:

- सोडियम हायपोक्लोराइटची न उघडलेली बाटली, टक्केवारी आणि उत्पादनाची तारीख स्पष्ट असलेली; किंवा हवाबंद डब्यात टीसीएल म्हणजेच ब्लीचिंग पावडर, जी ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात तीच
- मिलिलीटरच्या खुणा असलेले प्लास्टिकचे मापपात्र आणि पावडरीसाठी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा
- दोन प्लास्टिकच्या बादल्या, कारण क्लोरीन लोखंड आणि ॲल्युमिनियम खाते
- रबरी हातमोजे, मास्क, प्लास्टिकचा ॲप्रन
- जुनी वर्तमानपत्रे, टाकून देता येतील अशी फडकी, पुठ्ठ्याचे तुकडे आणि जाड पिशव्या
- कपडे धुण्याची साधी पावडर

मोठ्या संस्थेने क्लोरीन मोजायच्या पट्ट्याही घ्याव्यात, पण पिण्याच्या पाण्यासाठी मिळणाऱ्या पट्ट्या फार कमी प्रमाणापर्यंतच मोजतात. येथे १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक हजार भाग क्लोरीन, किंवा त्याहून जास्त मोजणाऱ्या पट्ट्या लागतात.

६. द्रावण मोजून तयार करा

दोन तीव्रता पुरेशा आहेत. उलटी किंवा जुलाब जेथे सांडला त्या जागेसाठी ५००० पीपीएम, आणि कड्या, नळ, स्विच, जिन्याचे कठडे अशा न माखलेल्या पण सतत हात लागणाऱ्या जागांसाठी १००० पीपीएम.

बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल, तर त्यात ५०,००० पीपीएम क्लोरीन आहे. १०० मिलिलीटर द्रव आणि ९०० मिलिलीटर पाणी घेतले, की एक लीटर ५००० पीपीएमचे द्रावण होते. तेच १०० मिलिलीटर घेऊन पाण्यासह एकूण पाच लीटर केले, की १००० पीपीएम मिळते. बाटली ४ टक्क्यांची असेल, तर दोन्ही ठिकाणी १०० ऐवजी १२५ मिलिलीटर घ्यावे आणि एकूण माप तेच ठेवावे.

टीसीएल पावडर ३३ टक्के क्लोरीनची असेल, तर एक लीटरला १५ ग्रॅम टाकल्यावर सुमारे ५००० पीपीएम आणि ३ ग्रॅम टाकल्यावर सुमारे १००० पीपीएम होते. पावडर प्लास्टिकच्या मगात थोड्या पाण्यात कालवावी, उरलेले पाणी घालावे, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी वापरावी. झाकण सैल राहिलेल्या, ओल धरून गठ्ठा झालेल्या पावडरीतला क्लोरीन बराचसा उडून गेलेला असतो. तिचे प्रमाण अंदाजाने वाढवत बसण्यापेक्षा ती टाकून नवीन पाकीट आणावे.

द्रावण रोज नव्याने करावे. ऊन आणि उष्णता यांमुळे ते झपाट्याने निकामी होते, त्यामुळे खिडकीत ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतल्या कालच्या द्रावणावर भरवसा ठेवू नये.

येथे एक धोका फार गंभीरपणे सांगायचा आहे. संडास साफ करण्याचे ॲसिड आणि क्लोरीनचे द्रावण एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो; अमोनिया असलेल्या द्रव्यांशी मिसळल्यासही घातक वायू तयार होतो. बंद संडासात हे जिवावर बेतू शकते. ज्या दिवशी क्लोरीन वापरायचे, त्या दिवशी ॲसिडची बाटली कुलपात ठेवावी. फिनाईलही त्यात मिसळू नये.

७. उलटी स्वच्छ करण्याचा क्रम

समजा, चौघींच्या खोलीत रात्री दोन वाजता एका मुलीला पलंगाशेजारी उलटी झाली. पहिले काम म्हणजे इतर तिघींना बाहेर काढणे, पंखा बंद करणे आणि खिडक्या उघडणे. उलटीचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि पंखा ते खोलीभर पसरवतो.

हातमोजे, मास्क आणि ॲप्रन घालून उलटीवर वर्तमानपत्र किंवा फडके टाकावे आणि ते शोषले जाऊ द्यावे. तीव्र क्लोरीनचे द्रव थेट उलटीवर ओतण्याचा मोह टाळावा: उलटी आम्लधर्मी असते, त्यामुळे उग्र वायू सुटू शकतो आणि क्लोरीन तर वाया जातेच. शोषलेली घाण पुठ्ठ्याने बाहेरून आतल्या दिशेने गोळा करून पिशवीत भरावा. झाडू वापरू नये, कारण त्याच्या काड्यांत घाण अडकते आणि तोच झाडू सकाळी दुसऱ्या खोलीत जातो.

यानंतर कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने ती जागा पुसून काढावी आणि ते पाणीही साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपून घ्यावे. जागा डोळ्यांना स्वच्छ दिसू लागल्यावरच ५००० पीपीएमचे द्रावण ओतून फडक्याने पसरावे आणि दहा मिनिटे ओले राहू द्यावे. मधेच सुकले तर पुन्हा ओले करावे. फवारणी करू नये. ती असमान पडते आणि श्वासातही जाते. दिसणाऱ्या डागापुरते न थांबता चारही बाजूंनी निदान दोन मीटरपर्यंतची फरशी, पलंगाचे पाय आणि भिंतीचा खालचा भाग पुसावा. दहा मिनिटांनंतर साध्या पाण्याने पुसून घ्यावे, नाहीतर मोझॅक फरशी फिकट पडते आणि लोखंडी पलंग गंजतो.

मग दुसऱ्या बादलीतील १००० पीपीएमच्या द्रावणाने त्या मुलीने हात लावलेला मार्ग पुसावा. पलंगापासून बेसिनपर्यंत आणि संडासापर्यंत ती कशी गेली हे तिलाच विचारावे; दाराची कडी, दिव्याचे बटण, नळ, फ्लशची कळ आणि संडासातला मग हमखास त्यात येतात. मगाकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते आपल्याकडच्या सामाईक संडासात सर्वांत जास्त हात लागणारी वस्तू तीच असते.

शेवटी हातमोजे उलटे करत काढावेत, पिशवी बांधावी आणि हात साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावेत. सॅनिटायझर येथे हात धुण्याची जागा घेऊ शकत नाही.

८. कपडे आणि स्वयंपाकघर

माखलेली चादर झटकू नये. ती आतल्या बाजूला गुंडाळून थेट धुवायला न्यावी, इतर कपड्यांत मिसळू नये आणि कापडाला सोसेल तितक्या कडक पाण्यात पावडर घालून धुवावी. साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेतही नोरोव्हायरस काही प्रमाणात तग धरतो, म्हणून केवळ कोमट पाण्यावर समाधान मानू नये. पांढऱ्या सुती कापडाला १००० पीपीएमचे द्रावण चालते. रंगीत कापड चांगले धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे.

स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील, तर लक्षणे थांबल्यानंतरही निदान ४८ तास तिला स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. त्या दिवसांचा पगार कापू नये, हेही मी आवर्जून सांगते. पगार कापला जातो तेथे आजार लपवला जातो. लक्षणे थांबल्यावरही विषाणू विष्ठेतून दोन आठवडे किंवा अधिक काळ बाहेर पडत राहतो, म्हणून सामाईक संडासातील कड्या, नळ आणि मग यांची १००० पीपीएमने दिवसातून दोनदा पुसणी त्या काळात चालू ठेवावी.

९. स्वच्छता कामी आली की नाही हे कसे ओळखावे

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण १२ ते ४८ तास जातात. त्यामुळे पहिल्या उलटीनंतरच्या दोन दिवसांत आणखी दोघी-तिघी आजारी पडल्या, तर स्वच्छता फसली असे लगेच म्हणता येत नाही. त्यांना लागण बहुधा त्या रात्रीच झालेली असते. प्रत्येक रुग्णाचे नाव, खोली, लक्षणे सुरू झाल्याची वेळ, वापरलेला संडास आणि आधीच्या दोन दिवसांतले जेवण एका वहीत लिहीत जावे.

तिसऱ्या दिवसानंतरही नवे रुग्ण येत राहिले, तर ती वही उघडून पाहावी. नवे रुग्ण एकाच मजल्यावरचे असतील, तर त्या मजल्यावरचा संडास आणि आजारी मुलींच्या खोल्या पुन्हा पहिल्यापासून कराव्यात आणि द्रावणाचे माप तपासावे. वेगवेगळ्या मजल्यांवरचे बरेच जण एकाच वेळी आजारी पडले असतील, तर पृष्ठभाग पुसत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी संशय पाण्याच्या टाकीवर किंवा स्वयंपाकघरावर घ्यावा, जवळच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवावे आणि पाण्याचे व विष्ठेचे नमुने तपासणीसाठी घ्यायला सांगावे.